ठेका जुळला, पट्टीचं काय?

लग्नाच्या हॉलमध्ये डीजे एका गाण्यातून दुसऱ्यात जातो. चांगलं जमलं तर कधी गेला ते कळत नाही आणि फसलं तर नाचणारे जागच्या जागी थबकतात. दोन्ही गाणी अर्धा मिनिट एकत्र वाजत असतात. तेवढ्या वेळात त्यांची लय आणि पट्टी, दोन्ही जुळावी लागते. समजा, पहिल्या गाण्यात मिनिटाला १२४ ठोके आहेत आणि दुसऱ्यात १२८. तशीच वाजवली तर पंधरा सेकंदांत दुसरं गाणं एक अख्खा ठोका पुढे जातं. त्याच्या आधीच, सात-आठ सेकंदांवर, एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे पडतो आणि घोडा उधळल्यासारखं ऐकू येतं.

हे ठोके आता सॉफ्टवेअर मोजतं. आवाजाचे बारीक तुकडे पाडून जोर अचानक कुठे वाढला ते ते टिपतं. ड्रम, ढोलक, टाळी असं काहीही तिथे असू शकतं. मग त्या खुणांची एक प्रत हळूहळू पुढे सरकवत ती मूळ खुणांवर कधी चपखल बसते ते पाहतं. १२४ च्या गाण्यात ती ०.४८ सेकंदांवर बसते. पण दुप्पट अंतरावर, म्हणजे ०.९७ सेकंदांवरही ती तितकीच छान बसते. म्हणूनच पडद्यावर कधी कधी १२४ ऐवजी ६२ दिसतं. ही चूक सोडवायला सोपी आहे, आकड्याची दुप्पट किंवा निम्मी करायची. दादऱ्यासारख्या सहा मात्रांच्या ठेक्यात मात्र आकडा दीडपट किंवा दोन तृतीयांशही येऊ शकतो. अशा वेळी पायाने ठेका धरून पंधरा सेकंदांचे ठोके मोजावेत आणि चारने गुणावेत. जुन्या चित्रपटगीतांचा त्रास वेगळाच. तिथे वादक माणसं होती, आणि कडव्याकडे येता येता लय किंचित चढायची. अख्ख्या गाण्याला एकच आकडा लावला की शेवटच्या ओळींपर्यंत गणित बिघडतं.

पट्टीचं काम जास्त नाजूक आहे. सॉफ्टवेअर सगळ्या सप्तकांतले सूर एकावर एक रचून बारा ढीग करतं आणि कोणता सूर किती वाजला ते पाहतं. मग या बारा आकड्यांची तुलना २४ नमुन्यांशी होते. त्यांतले बारा मेजरचे, म्हणजे शुद्ध गंधाराचे, आणि बारा मायनरचे, म्हणजे कोमल गंधाराचे. अशा नमुन्यांचा एक प्रसिद्ध संच कॅरल क्रुमहान्झल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ मध्ये दिला. कोणता सूर किती शोभतो, हे त्यांनी श्रोत्यांनाच विचारलं होतं.

म्हणजे यंत्र सूर मोजतं. ‘सा’ कुठला, हा त्याचा फक्त अंदाज असतो. पांढरी तीनला सा धरून भैरवी गायली तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच लागतात. यंत्राच्या चोवीस नमुन्यांत भैरवी नसते, त्यामुळे ते बहुधा पांढरी एकचा मेजर किंवा पांढरी सहाचा मायनर सांगतं. गवई यावर हसेल, पण डीजेचं फारसं अडत नाही. मिसळताना भांडतात ते सूर, आणि सूर तर तेच आहेत.

आता आपली दोन गाणी पाहू. पहिलं पांढरी सहाच्या मायनरमध्ये, दुसरं पांढरी तीनच्या मायनरमध्ये. डीजेंच्या पडद्यावर ती 8A आणि 9A अशी दिसतात. शेजारचा आकडा असला तर चालतं, कारण सात सुरांपैकी सहा सारखे असतात. इथे फरक फक्त पांढरी चार आणि काळी तीन यांचा. जोडी उत्तम आहे.

पण १२८ चं गाणं १२४ वर आणायचं म्हणजे ते सुमारे तीन टक्के संथ करायचं. तबकडीवर वेग कमी केला की सूरही उतरतो. सहा टक्क्यांना जवळपास एक पट्टी, म्हणजे तीन टक्क्यांना अर्धी. ही अर्धी पट्टीच सगळ्यात वाईट, कारण गाणं दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळतं आणि पहिल्या गाण्याशेजारी सरळ बेसूर लागतं. याउलट १२० चं गाणं १२७ वर नेलं तर ते जवळजवळ पूर्ण एक पट्टी चढतं, आणि ही चढलेली पट्टी धरूनच जोडीदार शोधता येतो. हल्लीच्या यंत्रांत ‘की लॉक’ असतो. तो सूर जागेवर ठेवून फक्त वेग बदलतो. तीन-चार टक्क्यांपर्यंत त्याची करामत सहसा कळत नाही. त्याहून जास्त ताणलं तर ढोलकीची थाप बोथट होते आणि गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागतो.

यंत्राने सांगितलेली पट्टी तपासायला हार्मोनियम पुरते. गाणं चालू ठेवून सांगितलेला सा दाबून धरायचा. ओळीच्या शेवटी आवाज त्यावर विसावला तर ठीक. नाही विसावला तर त्याचा पंचम किंवा मध्यम दाबून पाहायचा, कारण यंत्राची चूक बहुतेकदा तिथेच असते. कुठलीच पट्टी नीट बसत नसेल, तर ध्वनिफीत मुळातच थोड्या वेगळ्या वेगाने उतरवली गेली असण्याची शक्यता असते. जुन्या गाण्यांत हे बऱ्याचदा आढळतं.

आणि दोन्ही पट्ट्या जुळतच नसतील तर अनुभवी डीजे सुरांचा नाद सोडतो. पहिल्या गाण्याचं गायन संपून फक्त ठेका उरला की त्यावर दुसऱ्याचा नुसता ठेका आणतो, आणि पहिलं पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसऱ्याचा पहिला सूर लागू देत नाही.