पावणेतीन एसडी

ओळखीच्या एका तरुणाने मोबाइलवर निफ्टीचा आलेख दाखवला. मधून एक तिरकी रेघ, तिच्या वर आणि खाली तिला समांतर आणखी दोन. गेल्या काही महिन्यांतला जवळजवळ प्रत्येक चढ वरच्या रेघेपाशी अडलेला, प्रत्येक उतार खालच्या रेघेला टेकून मागे फिरलेला. ‘भाव वरच्या रेघेला लागला की तो ताणला गेला समजायचं आणि विकायचं,’ तो म्हणाला. भाव रेघांचं इतकं ऐकतो हे मला काही पटेना. म्हणून सांगलीला बाईंकडे गेलो. कॉलेजात त्यांनी आम्हाला संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून त्या स्वतःच्या गुंतवणुकीसाठी हाच रिग्रेशन चॅनल वापरतात.

साडेतीनला बाजार बंद झाला की बाई त्या दिवसाचा बंद भाव एक्सेलमध्ये भरतात. रेघ काढायची ती मागचे शंभर दिवस धरून. रोजचा भाव रेघेपासून किती वर किंवा खाली आहे ते अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि या सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशी रेघ निवडायची. मग त्या अंतरांचं प्रमाण विचलन, म्हणजे बाजारातले लोक ज्याला एसडी म्हणतात ते, काढायचं. रेघेच्या वर दोन एसडी आणि खाली दोन एसडी अंतरावर समांतर रेघा ओढल्या की चॅनल तयार होतो. यंत्राला हे करायला क्षणही लागत नाही. बाईंनी मात्र मला कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘पाच दिवस घे. हाताने कर.’

पाच दिवसांचे भाव त्यांनीच दिले: 100, 103, 104, 108, 110. रेघ रोज अडीच रुपयांनी चढते असं निघालं. रेघेवरचे आकडे 100, 102.5, 105, 107.5 आणि 110. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी भाव नेमका रेघेवर, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अर्धा रुपया वर, तिसऱ्या दिवशी एक रुपया खाली. या अंतरांचा एसडी सुमारे 55 पैसे. ‘आता सहाव्या दिवशी भाव 114 झाला. किती ताणला?’ रेघ तशीच पुढे नेली तर ती 112.5 वर पोचते. भाव तिच्या दीड रुपया वर. दीडला 55 पैशांनी भागलं तर पावणेतीन एसडी. कोणाच्याही हिशेबाने हा ताणलेला भाव.

‘आता तुझा मित्र जे करतो ते कर,’ बाई म्हणाल्या. त्याच्या मोबाइलवरची खिडकी रोज एका दिवसाने पुढे सरकते. म्हणून पहिला दिवस सोडला, सहावा आत घेतला आणि पुन्हा पाच दिवसांची रेघ काढली. तिचा चढ रोजचा 2.8 रुपये झाला, तिचं टोक 113.4 वर गेलं आणि एसडी वाढून सुमारे 69 पैसे झाला. तोच 114 चा भाव आता रेघेच्या फक्त 60 पैसे वर होता. एक एसडीसुद्धा नाही. पावणेतीनचा ताण कुठे गेला? भावाने रेघेला आपल्याकडे ओढून घेतलं आणि पट्टाही रुंद केला. मी दोनदा ताळा केला. आकडे बरोबर होते.

पाच दिवसांची खिडकी फार छोटी आहे हे खरं. शंभर दिवसांत एका भावाची ओढ इतकी नसते, पण शून्यही नसते. साध्या शंभर दिवसांच्या सरासरीत आजच्या भावाचा वाटा शंभरातला एक. रिग्रेशनच्या रेघेचं आजचं टोक काढताना तो जवळजवळ चार असतो. टोकाच्या दिवसाला सर्वांत जास्त वजन मिळतं, आणि आपण ताण मोजतो तो नेमका त्याच टोकाला.

त्या दिवसातला एक क्षण अजून मनातून जात नाही. बाईंनी संगणकावर जुना आलेख लावला, त्याच्या उजव्या बाजूवर पोस्टकार्ड धरलं आणि विचारलं, ‘यातली रेघ त्या दिवशी इथे होती का?’ नव्हती. कार्डाखालचे पुढचे सगळे भाव आत घेऊन ती रेघ काढली होती. मोबाइलवरच्या आलेखात प्रत्येक चढ रेघेपाशी अडलेला दिसतो, कारण ते चढ आणि त्यानंतरचे उतार पाहूनच रेघ बसवलेली असते. त्यातून चॅनल कुठून सुरू करायचा हे बोटाने ठरवता येत असेल, तर सुरुवात नेमकी तळापासून केली जाते आणि आलेख आणखी देखणा होतो. असा आलेख दाखवून पैसे घेऊन शिकवणी चालवणं मला अप्रामाणिक वाटतं.

दोन एसडीच्या आत शंभरातली पंचाण्णव निरीक्षणं असतात, हे सगळ्यांना पाठ असतं. ते वर्गातल्या उदाहरणांत खरं ठरतं, कारण तिथे वितरण प्रसामान्य असतं आणि एका निरीक्षणाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. भाव मात्र काल जिथे होता तिथूनच आज निघतो. काल तो रेघेच्या बराच वर असेल तर आजही बहुधा वरच असतो. म्हणून तेजीत भाव वरच्या पट्ट्याला आठवडेच्या आठवडे चिकटून राहतो. मंदीत काय होतं ते 2020 मध्ये दिसलं. 28 फेब्रुवारीला निफ्टी 11,201 वर बंद झाला तेव्हा आठवडाभराच्या पडझडीने तो आधीच्या महिन्यांच्या कलापासून खूप खाली आला होता. ताणला गेला, आता परत फिरेल, असं समजून त्या दिवशी घेणाऱ्याने 23 मार्चला 7,610 पाहिला. आणखी 32 टक्के खाली. उलट 4 जून 2024 ला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात 23,263 वरून 21,884 वर आला आणि 7 जूनला पुन्हा 23,290 वर होता. पडण्याच्या दिवशी अंतर दोन्ही वेळा मोठंच होतं. पुढे काय होणार हे त्या अंतरात लिहिलेलं नव्हतं.

मग बाई हे करतात तरी कशाला? त्यांची रीत वेगळी आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या रेघ काढतात, तिचा चढ आणि एसडी वहीत लिहितात आणि पुढचा महिनाभर त्याला हात लावत नाहीत. नवे भाव त्या गोठवलेल्या रेघेपासून मोजायचे. महिन्याहून लांब ती नेत नाहीत, कारण चढाच्या अंदाजातली छोटी चूकही दिवसागणिक मोठी होत जाते आणि दोन एसडीचा पट्टा अपुरा पडतो. शिवाय अनेक वर्षांचे भाव असतील तर आधी त्यांचे लॉग घेतात, नाहीतर 5,000 वरची शंभर अंकांची हालचाल आणि 20,000 वरची शंभर अंकांची हालचाल सारखीच मोजली जाते.

भाव दोन एसडीच्या बाहेर गेला की वहीत तारीख पडते. तिच्यापुढे दोन रकाने आहेत. पहिला, भाव रेघेकडे परत आला त्यासाठी. दुसरा, भाव तिथेच राहिला आणि पुढच्या महिन्यांच्या नव्या रेघा त्याच्यापर्यंत येऊन पोचल्या त्यासाठी. आमच्या कागदावरचे पावणेतीन तसेच मिटले होते: 114 चा भाव एक रुपयाही न उतरता. मी बाईंना विचारलं की विकायचा निर्णय त्या कुठल्या रकान्यावरून घेतात. ‘दोन्ही रकाने भरल्यावरच कळतात,’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवशी माझ्याकडे फक्त तारीख असते. म्हणून मी तेव्हा विकत नाही, नवीन घेणं तेवढं थांबवते.’