प्रबंध सापडला, साल कोणतं लिहायचं?

समजा, जलशांवर लिहिताना तुम्हाला ‘शोधगंगा’वर पीएच.डी.चा एक प्रबंध सापडला. मुखपृष्ठावर २०११, नोंदीत अपलोडची तारीख २०१५ची. संदर्भात साल द्यायचं ते २०११. २०१५ ही फक्त फाइल चढवल्याची तारीख. ती दिली तर संशोधन उगाच चार वर्षांनी तरुण होतं!

दुसरी चूक पत्त्याची. शोधगंगावर प्रबंध बहुधा प्रकरणवार तुकड्यांत असतो, आणि आपण नेमका उघडलेल्या पीडीएफचा लांबलचक दुवा उचलतो. त्याऐवजी नोंदीतला `hdl.handle.net/10603/` ने सुरू होणारा कायमचा दुवा, पुढच्या क्रमांकासह द्यावा. पान मात्र छापलेलं. स्क्रीनवर तिसऱ्या प्रकरणाचं पाचवं पान दिसतं, कागदावर ते ९२ असू शकतं.

पदवी देणारं विद्यापीठ लिहायला विसरू नये. शोधगंगा हे निव्वळ कोठार. आणि ‘अप्रकाशित’? एपीए पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत असा ऑनलाइन भांडारातला प्रबंध प्रकाशित धरतात. तो शिक्का फक्त ग्रंथालयाच्या कपाटातच मिळणाऱ्या प्रतीला.