नव्याचा पगार आणि जुन्यांचा हिशेब

समजा, अमृता आणि रोहित एकाच वर्षी कॉलेजातून बाहेर पडले. दोघांनाही पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून वर्षाला 6 लाखांची नोकरी मिळाली. अमृता हिंजवडीतल्या पहिल्याच कंपनीत राहिली. दर एप्रिलला 10 टक्के वाढ मिळत गेली आणि पाच वर्षांनी तिचा पगार 9.66 लाखांवर पोचला. रोहितलाही नोकरीत असताना 10 टक्केच वाढ मिळाली, पण त्याने दोनदा कंपनी बदलली आणि दोन्ही वेळा 35 टक्के जास्त घेतले. पाच वर्षांनी तो साडेचौदा लाखांवर होता. शिक्षण, अनुभव आणि काम सारखे असूनही फरक जवळपास पाच लाखांचा पडला.

आता अमृताच्या टीममध्ये एक जागा रिकामी होते आणि तिथे रोहित येतो. पहिले दोन महिने त्याला जुना कोड समजावून सांगणे, रिलीज कसा काढायचा ते दाखवणे, त्याचे काम तपासणे हे सगळे अमृताकडे येते. त्याचा पगार किती, हे तिला कधी ना कधी कळतेच. टपरीवर चहा पिताना कुणी बोलून जातो, नाहीतर त्याच पदाची जाहिरात नोकरीच्या पोर्टलवर पगाराच्या आकड्यासह झळकते.

यात कुणाचाही कट नसतो. कंपनीत पगार ठरवण्याच्या दोन वेगळ्या वाटा असतात. आत असलेल्यांचा पगार अप्रेझलच्या बजेटमधून वाढतो आणि ते बजेट वर्षाच्या सुरुवातीला टक्क्यांत ठरते. बाहेरून येणाऱ्याचा पगार त्या आठवड्याच्या बाजारावर ठरतो: त्याच्या मागच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप बघायच्या, हातातली दुसरी ऑफर बघायची आणि त्यावर काही टक्के चढवायचे. बाजार शांत असतो तेव्हा या वाटा फारशा दूर जात नाहीत. मार्च 2022 च्या तिमाहीत मात्र नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण इन्फोसिसमध्ये 27.7 टक्के आणि टीसीएसमध्ये 17.4 टक्के होते. असा बाजार तापला की बाहेरचा भाव काही महिन्यांत उडी मारतो आणि आतले बजेट पुढच्या एप्रिलची वाट बघत बसते.

हा प्रश्न सरकारी नोकरीलाही चुकलेला नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारमध्ये 4,600 ग्रेड पेच्या पदावर थेट भरती झालेल्याला सुरुवातीला 17,140 रुपये वेतन मिळू लागले. खालच्या पदावरून बढती घेऊन त्याच खुर्चीत बसलेल्या अनुभवी कर्मचाऱ्याचे वेतन मात्र सूत्राने काढले की अनेकदा त्याहून कमी भरे. सातव्या आयोगाने वेतनाचा तक्ता केला तेव्हा प्रत्येक स्तराचा पहिला आकडा थेट भरतीवाल्यालाही आणि बढतीवाल्यालाही किमान म्हणून लागू झाला. शिवाय केंद्राच्या मूलभूत नियमांत जुनी तरतूद आहेच. दोघे एकाच संवर्गातले असतील, पदे सारखी असतील आणि वेतननिश्चितीच्या नियमामुळेच कनिष्ठाला जास्त मिळू लागले असेल, तर वरिष्ठाचे वेतन त्याच तारखेपासून कनिष्ठाच्या पातळीवर आणता येते. खासगी कंपनीत असा नियम नसतो. तिथे तो कुणीतरी जाणीवपूर्वक करावा लागतो.

पगारातला कुठलाही फरक माणसांना खुपतो का? ओडिशात याचा थेट शोध घेतला गेला. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थतज्ज्ञांचा हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. शेतीचा हंगाम नसताना त्यांनी 378 मजुरांना महिनाभर काम दिले. तिघातिघांचे गट केले आणि प्रत्येक गटाला दोर, झाडू, उदबत्त्या यांसारखी एकेक वस्तू बनवायला दिली. काही गटांत तिघांना सारखी मजुरी होती, काहींत आधी मोजलेल्या कामाच्या वेगानुसार कमी-जास्त. कमी मजुरीवाल्याची तुलना तेवढीच मजुरी घेणाऱ्या, पण समान मजुरीच्या गटातल्या मजुराशी केली. हातात येणारे पैसे तेवढेच असूनही असमान गटातल्या मजुराचे उत्पादन घटले आणि हजेरी तब्बल 18 टक्केबिंदूंनी उतरली. रोजचा पैसा सोडून माणसे घरी राहत होती.

या अभ्यासातला सर्वांत उपयोगी भाग पुढे आहे. कोण किती काम करतो हे जिथे उघड दिसत होते, किंवा मजुरीतला फरक कामातल्या फरकाशी स्पष्ट जुळत होता, तिथे असा परिणाम दिसला नाही. फरकाचे कारण समोर दिसले की तो पचतो, दिसले नाही तर काम आणि हजेरी दोन्ही घसरतात. रोहितला अमृताला न येणारे एखादे तंत्रज्ञान येत असेल आणि त्याला काम त्याचेच दिले असेल, तर जास्त पगाराला आधार आहे. ‘त्याची मागची पे-स्लिप मोठी होती’ हे कारण अमृताच्या टेबलावरून कुठेच दिसत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे रोहितला ऑफर लेटर जाण्याआधी एक साधा तक्ता मांडायचा. त्यात त्याच पदावरच्या प्रत्येकाचे नाव, कंपनीत आल्याची तारीख, एकूण अनुभव आणि फिक्स्ड पगार लिहायचा. सीटीसीचा आकडा इथे फसवतो. एकाच्या साडेचौदा लाखांत दीड लाख व्हेरिएबल असू शकतात आणि दुसऱ्याचा आकडा पूर्ण फिक्स्ड असू शकतो. तक्ता रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे लावला आणि खाली जाताना, म्हणजे नव्या माणसांकडे येताना, पगार चढत गेले, तर दुखणे आधीपासूनच मुरलेले आहे. रोहितमुळे ते फक्त दिसू लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पदाचा बँड, म्हणजे त्या कामाचा किमान आणि कमाल पगार. तो बाजारभाव बघून ठरवायचा, कुणा एकाच्या ऑफरवरून नाही. आपल्या उदाहरणात बँड 11 ते 15 लाख आणि मध्य 13 लाख धरू. अमृता सुमारे 9.7 लाखांवर आहे, टीममधला निखिल 10.4 वर आणि सचिन 12.2 वर. म्हणजे दोघे तळाच्याही खाली आहेत आणि रोहितची ऑफर, फिक्स्ड साडेचौदा लाख, जवळपास छताला टेकते.

तिघांचेही काम चांगले असेल तर अमृता आणि निखिल साडेबारा लाखांवर आणि सचिन 13.2 लाखांवर यायला हवेत. त्यासाठी अनुक्रमे 2.8, 2.1 आणि 1 लाख लागतात, मिळून वर्षाला 5.9 लाख. हा आकडा ऐकला की फायनान्सचा माणूस दचकतो. त्याच्यासमोर दुसरा हिशेब ठेवावा. अमृताने राजीनामा दिला तर तिच्या जागी येणाराही साडेचौदा लाखच मागेल, म्हणजे 4.8 लाख जास्त. भरती करून देणाऱ्या कन्सल्टंटची फी साधारण वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार असते. ती झाली 1.2 लाख. एक माणूस गेल्याचा पहिल्या वर्षाचा जादा खर्च झाला 6 लाख, तिघांची दुरुस्ती करायला लागतात त्याहून थोडा जास्तच. यात तिची जागा रिकामी राहिल्याचा काळ आणि नव्याच्या शिकण्याचे महिने धरलेलेच नाहीत.

पैसे एकदम नसतील तर टप्पे पाडता येतात. अमृता आणि निखिलला आधी तळाशी, म्हणजे 11 लाखांवर आणायचे, त्याला वर्षाला 1.9 लाख लागतात. उरलेले 4 लाख सहा महिन्यांनी लागू करायचे. मग पहिल्या वर्षी प्रत्यक्ष खर्च 3.9 लाखांवर थांबतो. दुसऱ्या टप्प्याची तारीख आणि रक्कम पत्रात लिहून द्यायची. ‘पुढच्या अप्रेझलला बघू’ हे अमृताने पाच वर्षे ऐकलेले असते.

ऑफरच्या बाजूनेही थोडे करता येते. रोहितला 13.2 लाख फिक्स्ड आणि 1.3 लाख एकरकमी जॉइनिंग बोनस दिला तर पुढची प्रत्येक टक्केवारी 13.2 वर चढते. याला मर्यादा आहे. बोनस एकदाच मिळतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी रोहितची कमाई कमी झाल्यासारखी वाटते आणि तो पुन्हा बाजारात डोकावतो. एखाद-दोन लाखांची फट बुजवायला हा मार्ग ठीक आहे, पाच लाखांची दरी त्याने बुजत नाही.

सर्वांत महाग पडणारा मार्ग म्हणजे काउंटर ऑफर. अमृता राजीनामा टाकते आणि मग दोन दिवसांत 40 टक्के वाढ मंजूर होते. तोपर्यंत ती मनाने बाहेर पडलेली असते आणि निखिल-सचिनलाही कळते की इथे पगार वाढवायचा रस्ता राजीनाम्यातून जातो.

अमृताशी बोलताना मॅनेजरने रोहितचा आकडा सांगू नये, पण तो प्रश्नच नसल्याचा आवही आणू नये. ‘अमृता, तुझा पगार या पदाच्या बँडच्या खाली आहे. या महिन्यापासून तो 11 लाख होतोय आणि ऑक्टोबरपासून साडेबारा. बँडमध्ये वर जायला काय लागतं ते आता पाहू,’ एवढे सांगितले तरी पुरते. गुप्ततेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार सार्वजनिक संकेतस्थळावर बघता येतात. डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी काही कर्मचाऱ्यांना त्या संकेतस्थळाची माहिती दिली. आपला पगार आपल्यासारख्यांच्या मधल्या पगारापेक्षा कमी आहे, हे ज्यांना कळले त्यांचे समाधान घटले आणि ते दुसरी नोकरी शोधायला अधिक तयार झाले. जास्त पगारवाल्यांना मात्र त्याचा वेगळा आनंद झाला नाही. म्हणजे माहिती फुटली की कंपनीच्या पदरी नुसता तोटाच येतो.

कायद्याचा कोनही आहे. सारख्या कामाला लिंगावरून वेगळा पगार देण्यास 1976 च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, आता तीच तरतूद वेतन संहितेत आहे. निव्वळ नवा आणि जुना असा फरक या तरतुदीत येत नाही. पण मागच्या पगारावर ऑफर ठरवण्याची सवय बाळंतपणासाठी थांबलेल्या किंवा शहर बदलू न शकलेल्या बायकांचा कमी पगार एका कंपनीतून दुसरीकडे वाहून नेते. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशाने उमेदवाराला मागचा पगार विचारण्यावरच बंदी घातली आणि पगाराची श्रेणी आधी सांगणे बंधनकारक केले. सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 ची मुदत दिली गेली.

दुरुस्ती झाल्यावरही एक छिद्र उरते. एप्रिलमध्ये सगळ्यांना सरसकट 10 टक्के दिले तर साडेबारावाल्याला सव्वा लाख मिळतात आणि साडेचौदावाल्याला 1.45 लाख. दरी पुन्हा 20 हजारांनी वाढते. म्हणून वाढीचे बजेट दोन भागांत ठेवावे लागते. एक भाग वर्षभराच्या कामासाठी आणि दुसरा, लहानसा, फक्त बँडच्या मध्यापासून खाली राहिलेल्यांसाठी. दुसऱ्या भागाचे वाटप टीमच्या मॅनेजरकडे न ठेवता एचआरने तक्ता समोर घेऊन करावे, आणि तो तक्ता पुढच्या प्रत्येक ऑफरआधी नव्याने मांडावा.