दोन निळे आणि लाल प्रकाशाची साक्ष

लंडनच्या नॅशनल गॅलरीत तिशियनचं ‘बॅकस आणि अरिआद्ने’ हे चित्र आहे. फेराराचा ड्यूक अल्फोन्सो द’एस्ते याच्यासाठी तिशियनने ते १५२० ते १५२३ या काळात रंगवलं. चित्राच्या डाव्या बाजूला निळ्याचंच राज्य आहे. वर मोकळं आभाळ, लांबवर समुद्र आणि पुढे अरिआद्नेच्या अंगावरचं निळं वस्त्र. जरा निरखून पाहिलं की यात दोन जातींचे निळे दिसू लागतात. आभाळ आणि वस्त्र यांचा निळा किंचित जांभळ्याकडे कललेला आहे, तर समुद्राचा निळा हिरव्याकडे. चित्राच्या रासायनिक तपासणीतही तेच निघालं. आभाळ आणि वस्त्र अल्ट्रामरीनचं, समुद्र अझुराइटचा.

दोन्ही रंग दगड दळून केलेले, पण दगड अगदी वेगळे. अझुराइट हे तांब्याचं कार्बोनेट. तांब्याच्या खाणीत ते हिरव्या मॅलाकाइटच्या सोबतीने सापडतं आणि त्या काळी युरोपातच मिळत असे. अल्ट्रामरीन येतं लाजवर्दातून, म्हणजे लॅपिस लाझुलीतून. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून व्हेनिसपर्यंत यायचा. त्यामुळे त्याची किंमत अझुराइटच्या कितीतरी पट असे.

आता जांभळी झाक आणि हिरवी झाक येते कुठून? अझुराइटमधलं तांबं प्रकाशातला लाल भाग गिळतं. ते गिळणं दृश्य प्रकाशाच्या लाल टोकाशी थांबत नाही, पुढे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतही चालू राहतं. परत येतो तो निळा आणि थोडा हिरवा प्रकाश. अल्ट्रामरीनमध्ये तांबं नसतंच. सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या पिंजऱ्यासारख्या रचनेत गंधकाचे तीन-तीन अणू एकत्र कोंडलेले असतात, आणि रंग त्यांचा. हे त्रिकूट सुमारे ६०० नॅनोमीटरचा, म्हणजे नारिंगी प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. त्यापुढे गडद लाल सुरू झाला की त्याची भूक ओसरते आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढचा बहुतेक प्रकाश ते परत पाठवतं. या परतीची सुरुवात आपल्या नजरेच्या कडेवरच होते. निळ्यात मिसळलेला तो थोडासा लाल म्हणजेच अल्ट्रामरीनची जांभळी झाक.

इथे एक विलक्षण गोष्ट हाती लागते. डोळ्यांना जो फरक झाकेएवढा दिसतो, तो अवरक्त कॅमेऱ्याला दिवस-रात्रीएवढा दिसायला हवा. आणि तसंच होतं. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या प्रकाशात फोटो काढला की अल्ट्रामरीन उजळ, जवळपास पांढुरकं दिसतं, आणि अझुराइट काळवंडतं. चित्राला बोटही न लावता दोन निळे वेगळे होतात. मात्र स्मॉल्ट ही कोबाल्टच्या काचेची पूड आणि वनस्पतीची नीळ हेही अवरक्तात उजळतात. म्हणून काळवंडलेला निळा पाहून अझुराइटचा संशय पक्का धरता येतो, पण उजळलेला प्रत्येक निळा अल्ट्रामरीनच असेल असं नाही.

दोघांचा स्वभाव दळतानाही कळतो. अझुराइट जितकं बारीक वाटावं तितकं ते फिकं पडतं, शेवटी आभाळी-हिरवट होतं. त्यामुळे गडद निळा हवा असेल तर चित्रकार त्याचे कण भरड ठेवत. अशा थराचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर फोडलेल्या खडीसाखरेसारखे टोकदार, पारदर्शक खडे दिसतात. अल्ट्रामरीनला बारीक दळण सोसतं. तिथे अडचण वेगळीच आहे. लाजवर्दात पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेले असतात, त्यामुळे नुसता दगड दळला तर राखाडी पूड मिळते. १४००च्या आसपास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने त्यावरचा उपाय लिहून ठेवला आहे. राळ आणि मेण यांच्या गोळ्यात पूड मळायची, मग तो गोळा राखेच्या क्षारयुक्त पाण्यात दाबत राहायचा. निळे कण पाण्यात उतरतात, बाकीचा कचरा गोळ्यात अडकून राहतो. पहिल्या पाण्याचा निळा सर्वांत उंची. शेवटच्या पाण्यात उतरते ती राखाडी-निळी पूड, आणि तीही विकली जाई.

एवढ्या किमतीच्या मालात भेसळीची भीती असणारच. गिऱ्हाईक चिमूटभर पूड लोखंडाच्या पात्यावर ठेवून तापवत असे. अझुराइट असेल तर तांब्याचं ऑक्साइड होऊन ती काळी पडते, अल्ट्रामरीन निळंच राहतं. आम्लाच्या परीक्षेत दोन्ही टिकत नाहीत, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात अल्ट्रामरीनचा निळा विरतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, कारण पिंजरा मोडून गंधक बाहेर पडतो. अझुराइट फसफसून विरघळतं. पण केवळ फसफस पाहून निकाल देऊ नये, कारण लाजवर्दासोबत राहिलेला कॅल्साइटही तसाच फसफसतो.

या परीक्षा पुडीला चालतात, चित्राला नाही. चित्रावर सर्वांत मोठी फसगत करतं ते वॉर्निश. ते काळाने पिवळं पडतं आणि पिवळ्याखाली जांभळट निळाही हिरवट दिसतो. तिशियनच्या या चित्रावरचं जुनं वॉर्निश १९६०च्या दशकाच्या शेवटी काढलं, तेव्हा प्रकटलेला झगझगीत निळा अनेकांना सोसवला नाही आणि मोठा वाद झाला. दुसरी फसगत थरांची. खर्च वाचवायला चित्रकार खाली अझुराइट आणि वर अल्ट्रामरीनचा पातळ हात देत. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र अशा जागी तांबं दाखवतं आणि वरचं अल्ट्रामरीन त्याच्या नजरेतून निसटतं, कारण सोडियम, ॲल्युमिनियम ही हलकी मूलद्रव्यं त्याला नीट पकडता येत नाहीत. अशा वेळी टाचणीच्या डोक्याहूनही लहान कण घेऊन, राळेत बसवून, घासून त्याचा छेदच पाहावा लागतो.

बदख्शानचा हा दगड पश्चिमेकडे गेला तसा इकडेही आला. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांतला निळा लाजवर्दाचा आहे. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतल्या, त्याहून कित्येक शतकं जुन्या चित्रांत हा निळा आढळत नाही. तिथले तांबडे, पिवळे, हिरवे रंग मातीतून मिळण्याजोगे होते. लाजवर्द मात्र बाहेरूनच आणावा लागे. म्हणून भिंतीवर ओळखलेला एक रंग व्यापाराच्या वाटेचाही पुरावा ठरतो.

शेवटची गाठ सर्वांत अवघड. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे याने कारखान्यात अल्ट्रामरीन बनवलं आणि ते इतकं स्वस्त झालं की पुढे कपड्यांना घालायची नीळ म्हणूनही विकलं गेलं. त्याची रासायनिक रचना खऱ्या लाजवर्दासारखीच असते, त्यामुळे अवरक्त कॅमेरा दोन्हींना सारखंच उजळ दाखवतो. फरक राहतो तो कणांत. दगडातून आलेले कण लहानमोठे, धारदार, मध्येच कॅल्साइटचा पांढरा तुकडा बाळगणारे. भट्टीतले कण बारीक, गोलसर आणि एकसारखे. सोळाव्या शतकाच्या म्हणवणाऱ्या चित्रात असे कण सापडले, तर तो भाग १८२०च्या दशकात किंवा त्यानंतर रंगवला आहे. मग तपासायचं इतकंच राहतं की ती नंतरची डागडुजी आहे, की सगळं चित्रच बनावट.