शेवट आधी, तरी उत्कंठा कायम

हॅरॉल्ड पिंटर यांचे ‘बिट्रेयल’ (1978) हे नऊ प्रवेशांचे नाटक 1977 मध्ये सुरू होते आणि 1968 मध्ये संपते. एमा आणि तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र जेरी यांचे प्रेमप्रकरण संपले आहे, हे पहिल्याच प्रवेशात कळते. मग पुढे काय पाहायचे? कोणाला काय, केव्हा ठाऊक होते, ते. दुसऱ्या प्रवेशात नवरा रॉबर्ट जेरीला सांगतो की आपल्याला हे चार वर्षांपासून माहीत आहे. रॉबर्टला ते कळल्याचा क्षण दिसेपर्यंत प्रेक्षक अस्वस्थ असतो.

पिंटर यांची खरी करामत पुढे आहे. पाचव्या प्रवेशात, 1973 च्या व्हेनिसमध्ये, जेरीने एमाला पाठवलेल्या पत्रामुळे रॉबर्टला सारे उमगते. इथे उलटा प्रवाह थांबतो आणि पुढचे दोन प्रवेश काळाच्या सरळ क्रमाने येतात. सहाव्यात रॉबर्टला कळल्याची गोष्ट एमा जेरीपासून लपवते. सातव्यात दोघे मित्र रेस्टॉरंटमध्ये जेवतात. रॉबर्ट पितो, आधुनिक कादंबऱ्यांवर भडकतो. तो कशाने जळतोय हे आपल्याला कळते, जेरीला नाही. हेच जेवण व्हेनिसच्या आधी दाखवले असते, तर तो राग निव्वळ विक्षिप्तपणा वाटला असता. उलट्या मांडणीत एखादा लेखक नेमका इथे फसतो: क्रम यंत्रासारखा पाळतो आणि प्रेक्षकाला माहिती उशिरा देतो.