तीन हजार कमी, तरीही

समजा, आयटीआय झालेल्या मुलीला चाकणमध्ये सीएनसी मशीनवरच्या दोन नोकऱ्या चालून आल्या. पहिलीत पगार २०,००० रुपये, पण काम एवढंच: जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा. दुसरीत १७,०००, पण तिथे टूल ऑफसेट देणं, सेटिंग आणि पुढे प्रोग्रॅमिंग शिकायला मिळतं.

निव्वळ ऑपरेटरला दरवर्षी ६ टक्के वाढ धरू आणि सेटिंग येणाऱ्याला १० टक्के. प्रत्येक वाढ आधीच्या वाढीसकट झालेल्या पगारावर मिळते, म्हणून पाचव्या वाढीनंतर पहिलीचा पगार सुमारे २६,८०० आणि दुसरीचा २७,४०० होतो. हातात आलेली एकूण रक्कम मात्र नवव्या वर्षी बरोबरीला येते. एवढा धीर धरावा लागतो, हे कोणी सांगत नाही. दहा वाढींनंतर ३५,८०० विरुद्ध ४४,१००. पुढे दोन्हींत ६ टक्केच मिळाले तरी फरक रुपयांत वाढतच जातो.

हे सगळं त्या १० टक्क्यांवर उभं आहे. 'इथे शिकायला मिळेल' हे आश्वासन स्वस्त असतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी लागलेल्यांना विचारावं, आज सेटिंग कोण करतं? तेही बटणच दाबत असतील, तर २०,००० घ्यावेत. घरी कर्जाचा हप्ता थकत असेल, तरीही तेच. थकलेल्या हप्त्याचं व्याजही असंच चढत जातं.