पाच टक्के, पण कशाचे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान व्हॉल्व्ह उत्पादकाला विदर्भात माल विकायचा आहे आणि नागपूरचा एक विक्री एजंट त्यासाठी तयार आहे, असे समजू. पहिल्या बैठकीत घासाघीस होते ती टक्क्यावर. चार की सहा? शेवटी पाचावर जमते. पुढे भांडण होते ते मात्र टक्क्यावरून नाही, तर पाच टक्के कशाचे आणि कधी द्यायचे, यावरून.

पाच लाखांची ऑर्डर येते. १८ टक्के जीएसटी धरून बिल होते ५,९०,००० रुपयांचे, आणि एजंट त्यावर २९,५०० मागतो. पण कर सरकारचा. मूळ रकमेवर कमिशन २५,०००च होते. त्यातला ४०,०००चा माल परत आला की ते २३,००० वर येते. आणि पार्टीकडून आतापर्यंत कर सोडून तीनच लाख वसूल झाले असतील, तर आज द्यायचे फक्त १५,०००. उरलेले ८,००० वसुलीनंतर. चारही आकडे पाच टक्क्यांचेच!

१८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम २१९ सांगते की वेगळा करार नसेल, तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. पण काम पूर्ण झाले कधी? ऑर्डर आणली तेव्हा, की पैसे आले तेव्हा? म्हणून ते आधीच लिहून घ्यावे लागते. निम्मे कमिशन बिल निघताच आणि निम्मे वसुलीनंतर, असाही मधला मार्ग निघतो. नव्या पार्टीची उधारी एजंटच्या शब्दावर दिली जाते, त्यामुळे वसुलीत त्याचाही जीव अडकलेला बरा.

नव्या भागात आणखी एक अडचण असते. कारखाना आधी नमुना मागतो, तो चालवून पाहतो, मग पुरवठादार म्हणून नोंद करतो. यात महिने जातात. एजंटचे पेट्रोल आणि लॉजचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. त्यासाठी सहा महिने दरमहा ठरावीक उचल देऊन ती पुढच्या कमिशनमधून वळती करता येते. धंदा जमलाच नाही, तर उरलेली उचल परत मागायची का? मागू नये. बाजार उघडण्याची जोखीम मुळात उत्पादकाची आहे. पण माफ करायची तर तेही कागदावर हवे.

हद्दीचा प्रश्न नकाशाने सुटत नाही. माल बुटीबोरीत उतरतो, पण खरेदीचा निर्णय पुण्याच्या मुख्य कार्यालयात होतो. मग कमिशन कोणाचे? अशा व्यवहारात ते निम्मे-निम्मे वाटता येते. विदर्भातल्या जुन्या ग्राहकांची नावानिशी यादी मात्र कराराला जोडावी, नाहीतर आपसूक येणाऱ्या ऑर्डरवरही एजंट हक्क सांगतो.

संबंध संपवताना वाजवी मुदतीची नोटीस लागते. कलम २०६नुसार ती न दिल्यास होणारे नुकसान भरून द्यावे लागते. त्या दिवशी प्रलंबित असलेल्या कोटेशनांची यादी दोघांच्या सहीने करून, त्यांतून पुढच्या तीन महिन्यांत येणाऱ्या ऑर्डरवर एजंटला कमिशन द्यायचे, ही अट पहिल्याच करारात घालता येते.